नॉच कमी केला, तरी माशीच्या पाठीवर टक्कल का पडले?

प्रश्न: «एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुस्तकात दिले आहे की नॉच पेशीला चेतापेशी होण्यापासून रोखतो, म्हणून नॉच गेला की चेतापेशी वाढतात. मी फळमाशीच्या पाठीवर पॅनियर-गॅल४ वापरून नॉचचा आरएनएआय चालवला. ब्रिसल वाढायला हवे होते, पण मधला पट्टा चक्क टकला निघाला. माझा क्रॉस चुकला का? शिवाय दोन्ही शेजारी पेशींत नॉच आणि डेल्टा दोन्ही असतात, तर एकच पेशी कशी निवडली जाते, आणि रिसेप्टर कापावाच का लागतो, हेही नीट कळलेले नाही.»

तुमचा क्रॉस बहुधा बरोबर आहे. चूक झाली असेल तर ती मोजणीत आहे. पाठीवर दिसणारा ब्रिसल, म्हणजे ज्ञानेंद्रियाचा ताठ केस, हा निवडप्रक्रियेचा थेट पुरावा नसतो. आधी एक पूर्वगामी पेशी निवडली जाते, मग तिचे विभाजन होऊन तिच्या वंशजांपैकी एक पेशी केस तयार करते, आणि या दोन्ही टप्प्यांवर नॉच वेगवेगळे काम करतो. त्यामुळे एकच टक्कल दोन अगदी विरुद्ध कारणांनी पडू शकते: एकतर पूर्वगामी पेशी निवडलीच गेली नाही, किंवा गरजेपेक्षा खूप जास्त निवडल्या गेल्या, पण त्यांतून केस तयार करणारी पेशी निघाली नाही. तुमच्या माशीत यांपैकी काय घडले, हे नॉच जनुकाचे काम कमी करणारी आरएनएआय ओळ किती जोरकस आहे, माश्या कोणत्या तापमानाला वाढवल्या आणि आरएनएआय केव्हापासून चालू होता, यावर अवलंबून आहे. ते ओळखायचे कसे, याकडे शेवटी येतो. त्याआधी रिसेप्टर कापण्याचा मुद्दा घेतो, कारण एकच पेशी कशी निवडली जाते याचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

प्रौढ माशीच्या पाठीच्या प्रत्येक अर्ध्या भागावर ११ मोठे ब्रिसल ठरलेल्या जागी असतात आणि त्यांच्या मधल्या भागात साधारण शंभर लहान ब्रिसल ओळींमध्ये असतात. मोठ्या ब्रिसलच्या जागी आधी वीस-तीस पेशींचा एक समूह अकीट आणि स्क्यूट ही जनुके चालू करतो. ही जनुके चालू असणे म्हणजे ज्ञानेंद्रियाची पूर्वगामी पेशी होण्याची पात्रता असणे. समूहातल्या सगळ्याच पेशी पात्र असतात, पण त्यांतून बहुतेक वेळा एकच पूर्वगामी पेशी ठरते आणि बाकीच्या साध्या त्वचापेशी होतात. त्या बाकीच्यांचीही खरोखर पात्रता असते, हे नॉचविना वाढणाऱ्या भ्रूणांत दिसते. तिथे ज्या पेशी पोटाकडच्या बाजूची त्वचा होणार असतात, त्याही चेतासंस्थेत जातात आणि भ्रूण त्वचेअभावी मरतो. म्हणजे त्वचापेशी होणे हेच रोखले गेल्याचे फळ आहे, आणि चेतामार्ग हा न रोखल्यास आपोआप घडणारा मार्ग आहे.

आता रोखण्याची क्रिया जवळून पाहू. नॉच हे पेशीच्या पटलात रुतलेले लांब प्रथिन आहे. त्याच्या बाहेरच्या भागात ३६ सारखे तुकडे एकापुढे एक असतात आणि शेजारच्या पेशीवरचा डेल्टा त्यांपैकी ११व्या व १२व्या तुकड्याच्या परिसरात चिकटतो. अनेकांचा असा समज असतो की चिकटला की संदेश गेला. तसे होत नाही. पटलाच्या अगदी जवळ नॉचमध्ये एक घडी असते आणि कापण्याची जागा त्या घडीच्या आत झाकलेली असते. डेल्टा नुसता चिकटून राहिला तर ती घडी तशीच राहते. ती उलगडायला ओढ लागते, आणि ती ओढ डेल्टा असलेली पेशी देते. ती पेशी डेल्टाला आत ओढून घेते, म्हणजे पटलाची पिशवी करून त्याला गिळते. डेल्टाच्या आतल्या शेपटीवर न्यूरलाइज्ड किंवा माइंड बॉम्ब ही एन्झाइमे युबिक्विटिनची खूण लावतात, तेव्हाच हे गिळणे परिणामकारक होते. डेल्टा आत जाताना त्याला चिकटलेला नॉच ताणला जातो. ही ओढ फार मोठी नसते. वेगळ्या केलेल्या रेणूंवरच्या मोजमापांतून ती काही पिकोन्यूटनच्या घरात येते. पण घडी उघडायला तेवढी पुरते.

घडी उघडली की माशीतले कुझबेनियन हे एन्झाइम, आपल्या पेशींत एडीएएम१०, नॉचला पटलाच्या बाहेरच्या बाजूने कापते. बाहेरचा मोठा भाग डेल्टाबरोबर शेजारच्या पेशीत ओढला जातो. पटलात उरलेल्या खुंटाला गॅमा-सिक्रिटेज पटलाच्या आतच दुसरा काप देते. या एन्झाइमचा गाभा असलेले प्रेसेनिलिन हे प्रथिन अल्झायमरच्या संशोधनामुळे जास्त परिचित आहे. या दुसऱ्या कापाने नॉचचा आतला तुकडा सुटतो, थेट केंद्रकात जातो आणि सप्रेसर ऑफ हेअरलेस या डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनाशी व मास्टरमाइंडशी जोडला जाऊन एनहान्सर ऑफ स्प्लिट समूहातली जनुके चालू करतो. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिने अकीट आणि स्क्यूट बंद करतात, आणि त्या पेशीची पात्रता संपते.

ओढीचा मुद्दा मी एवढा लांबवला, कारण प्रयोगात तो नेहमी अडवतो. शिबिरे नावाचे माशीतले एक जनुक पिशवी पटलापासून तोडणारे डायनॅमिन हे प्रथिन बनवते. त्याची तापमानसंवेदी उत्परिवर्तित माशी योग्य वेळी गरम तापमानाला ठेवली तर पूर्वगामी पेशींची गर्दी होते, जरी नॉच, डेल्टा आणि कापणारी एन्झाइमे सगळी जागेवर असली तरी. म्हणून नुसत्या प्रतिपिंडाने रंगवून «डेल्टा भरपूर दिसतो, मग संदेश चालू आहे» असे म्हणता येत नाही. पटलावर भरपूर साचलेला डेल्टा हे कित्येकदा तो गिळला जात नसल्याचे, म्हणजे संदेश बंद असल्याचे लक्षण असते.

कापूनच संदेश पाठवण्याचे दोन परिणाम होतात आणि निवडीच्या दृष्टीने दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला म्हणजे संदेश फक्त स्पर्शाच्या अंतरापुरता चालतो, कारण ओढणारी पेशी चिकटलेली असावी लागते. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. एक नॉच रेणू म्हणजे आगपेटीतली एक काडी: एकदा ओढली की संपली. नेहमीच्या रिसेप्टरप्रमाणे इथे एका रेणूने आत हजार रेणू चेतवण्याची साखळी नसते. जितके रेणू कापले गेले तितकेच तुकडे केंद्रकात जातात आणि तेही लवकरच नष्ट केले जातात. त्यामुळे नॉचची मात्रा थोडी बदलली तरी फरक दिसतो. नॉच जनुकाची एकच प्रत असलेल्या मादीच्या पंखांना खाचा पडतात, आणि मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत १९१०च्या दशकात या जनुकाचे नाव त्या खाचांवरूनच पडले. दोन प्रतींऐवजी एक असली की बिघडणारी जनुके तुलनेने थोडी असतात. डेल्टाही त्यांतलाच आहे, आणि हा योगायोग नाही.

पेशीच्या आत संदेश मोठा होत नाही, तर मग लहानसा फरक मोठा होतो कुठे? दोन पेशींच्या मधल्या फेऱ्यात. अकीट आणि स्क्यूट नुसती पात्रता देत नाहीत, ती डेल्टाची संदेश देण्याची ताकदही वाढवतात. म्हणून ज्या पेशीला नॉचचा संदेश जास्त मिळतो, तिची अकीट-स्क्यूट कमी होतात, तिची डेल्टाची ताकद कमी होते, आणि ती शेजारणीला कमी रोखते. शेजारीण आणखी मोकळी होऊन पहिलीला आणखी रोखते. हा फेरा दोन्ही पेशींत सारखाच असतो. कोण जिंकणार हे त्यात लिहिलेले नसते. सारखेपणा टिकू द्यायचा नाही, एवढेच त्यात लिहिलेले असते.

पण इथे एक अट आहे आणि पुस्तके ती सहसा घाईने ओलांडतात. फेरा असला म्हणजे फरक वाढेलच असे नाही. एक पूर्ण फेरा झाल्यावर सुरुवातीचा फरक किती पट होतो, त्याला आपण फेऱ्याची पट म्हणू. समजा, दोन पेशींच्या डेल्टाच्या ताकदीत ५ टक्के फरक आहे आणि पट ०.८ आहे. मग फरक ४ टक्के, ३.२ टक्के असा विरत जातो आणि दोन्ही पेशी अर्धवट रोखलेल्या अवस्थेत सारख्याच राहतात. तीच पट १.५ असेल तर ५चे ७.५, मग ११.२५, मग जवळजवळ १७, मग २५ टक्के होतात, आणि पुढे एका पेशीचा नॉच पूर्ण चालू व दुसरीचा पूर्ण बंद होईपर्यंत तो वाढतच जातो. हे आकडे समजावण्यापुरते घेतलेले आहेत, पण १ ही सीमा खरी आहे. कोलियर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपात हीच अट निघते, आणि तिच्यासाठी प्रतिसादाची चढण पुरेशी तीव्र असावी लागते. पट जेमतेम १च्या वर असेल तर निवड होते, पण फार सावकाश होते, आणि विकासाचे घड्याळ तोवर पुढे गेलेले असते. नॉच किंचितच कमी केलेल्या माश्यांत एका जागी दोन ब्रिसल शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा मी आधी या वेळेच्या शक्यतेचा विचार करतो: दोघींतला फरक पूर्ण वाढायच्या आतच दोघींचे भवितव्य पक्के झाले असावे.

स्पर्धा खरोखर शेजाऱ्यांमध्ये होते, याचा मला सर्वांत पटणारा पुरावा हाइट्झलर आणि सिम्प्सन यांच्या १९९१च्या मोझेक प्रयोगांतला आहे. त्यांनी एकाच पाठीवर नॉचच्या वेगवेगळ्या प्रती असलेल्या पेशींचे तुकडे शेजारी शेजारी आणले. जिथे कमी नॉचवाल्या पेशी नेहमीच्या पेशींना लागून होत्या, तिथल्या सीमेवर पूर्वगामी पेशी कमी नॉचवाल्या बाजूच्या निघाल्या. आणि जिथे नेहमीच्या पेशींशेजारी जास्त नॉचवाल्या पेशी होत्या, तिथे नेहमीच्या पेशी जिंकल्या. म्हणजे तीच नेहमीची पेशी एका शेजारणीपुढे हरते आणि दुसरीपुढे जिंकते. डेल्टाचा प्रकार याच्या उलट आहे. डेल्टा अजिबात नसलेल्या पेशी नेहमीच्या पेशींना लागून असल्या की त्वचापेशी होतात, कारण त्यांचा नॉच शाबूत असतो आणि त्यांना शेजारून संदेश मिळतो. मात्र अशा तुकड्याच्या आत, जिथे सगळ्याच शेजारणी डेल्टाविना असतात, तिथे चेतापेशींची गर्दी होते. नॉच ज्या पेशीत नसतो तिच्यावरच परिणाम होतो, आणि डेल्टा ज्या पेशीत नसतो तिच्या शेजारणीवर. तुमच्या पट्ट्याच्या कडेला काय दिसते ते पाहताना हा फरक लक्षात ठेवा.

सुरुवातीचा फरक येतो कुठून, याला सर्वत्र लागू होणारे एक उत्तर नाही. सिनोरॅब्डायटिस एलिगन्स या गोलकृमीच्या जननग्रंथीत असे दोनच पेशींचे स्वच्छ उदाहरण आहे. तिथे एक पेशी अँकर पेशी होते, दुसरी गर्भाशयाची पूर्वगामी पेशी होते, आणि कोणती काय होणार हे प्रत्येक कृमीत निम्म्या-निम्म्या शक्यतेने ठरते. एक पेशी लेझरने मारली तर उरलेली नेहमी अँकर होते. तिथे जी आधी जन्मते ती बहुधा हरते, असे आढळले आहे. माशीच्या मोठ्या ब्रिसलमध्ये मात्र डाव इतका मोकळा नसतो. समूहातल्या काही पेशींना जागेमुळे अकीट-स्क्यूट आधीच जास्त मिळतात, म्हणून तर ब्रिसल दर माशीत त्याच जागी येतात. शिवाय डेल्टाच्या प्रथिनाचे प्रमाण समूहभर बरेचसे सारखे दिसते. निवडलेल्या पेशीत वाढतो तो मुख्यतः न्यूरलाइज्ड, म्हणजे डेल्टा ओढण्याची ताकद. आणि एकाच पेशीतला डेल्टा तिच्याच नॉचला अडवूनही ठेवतो, त्यामुळे जिंकत असलेली पेशी शेजारणीचा संदेश ऐकायचीही बंद होते. म्हणून वर मी डेल्टाचे प्रमाण न म्हणता मुद्दाम डेल्टाची ताकद म्हणालो.

आता तुमच्या टकलाकडे येऊ. निवडलेली पूर्वगामी पेशी विभागते तेव्हा न्यूम्ब हे प्रथिन एकाच मुलीत जाते आणि तिथला नॉच दाबून ठेवते. न्यूम्ब नसलेल्या मुलीत नॉच चालू होतो. तिच्यापासून केसाची पेशी आणि केसाभोवतीच्या खोबणीची पेशी होते, तर न्यूम्बवाल्या मुलीपासून चेतापेशी आणि तिचे आवरण. केस आणि खोबणी यांच्यात निवड करायलाही पुन्हा नॉचच लागतो. इथे मात्र वरची बरोबरीची स्पर्धा नाही, विजेता न्यूम्बने आधीच ठरवलेला असतो. पण रिसेप्टर आणि त्याचे काप तेच आहेत. तुमचा आरएनएआय पूर्वगामी पेशी निवडून झाल्यावर थांबत नाही. पहिल्या टप्प्यावर त्याने बहुधा पूर्वगामी पेशी वाढवल्या, आणि दुसऱ्या टप्प्यावर त्यांच्या सगळ्या मुलींना चेतापेशींच्या बाजूला ढकलले. केस करणारी पेशीच उरली नाही. वरून पाहिले तर टक्कल, आणि त्वचेखाली चेतापेशींचे पुंजके. हार्टेनस्टाइन आणि पोसाकोनी यांनी १९९० मध्ये तापमानसंवेदी नॉच माश्यांवर हेच दाखवले: गरम तापमानाचा काळ लवकर दिला तर ब्रिसल वाढतात, आणि उशिरा दिला तर बाहेरचे ब्रिसल जातात व आत चेतापेशी वाढतात.

म्हणून आधी त्वचेखाली पाहा. कोष तयार होऊ लागल्याच्या क्षणाला शून्य तास धरा. २५ अंशांना लहान ब्रिसलच्या पूर्वगामी पेशी साधारण ८ ते १४ तासांत ठरतात आणि सुमारे १६ तासांपासून विभागू लागतात. विभाजनाआधी, बाराव्या तासाच्या सुमारास, पाठ काढून सेन्सलेस या पूर्वगामी पेशींत दिसणाऱ्या प्रथिनाच्या प्रतिपिंडाने रंगवा. नेहमीच्या पेशींमध्ये सुटे, अंतर राखलेले ठिपके दिसतील. तुमच्या पट्ट्यात ते एकमेकांना चिकटून दाटीने दिसले, तर नॉच खरोखर कमी झाला आहे. ठिपकेच नसले, तर टक्कल पडण्याचे कारण दुसरे आहे: नॉच वाढलेला असेल, अकीट-स्क्यूट चालूच झालेली नसतील, किंवा पेशी मेल्या असतील. मग २४ ते २८ तासांच्या दरम्यान दुसरा संच रंगवा. कटने एका ब्रिसलच्या चारही पेशी, एलाव्हने चेतापेशी, आणि सप्रेसर ऑफ हेअरलेसच्या गडद रंगाने खोबणीची पेशी ओळखता येते. नेहमीच्या पुंजक्यात एलाव्ह एका पेशीत आणि गडद सप्रेसर ऑफ हेअरलेस एका पेशीत दिसतो. नॉच गेलेल्या पट्ट्यात बहुतेक पेशी एलाव्हवाल्या असतील आणि खोबणीची पेशी नसेल. पॅनियर-गॅल४ पाठीच्या मधल्या भागातच चालतो, त्यामुळे त्याच पाठीच्या दोन्ही कडा तुमची तुलना करायला आयत्या मिळतात. वेगळ्या माशीशी तुलना करण्यापेक्षा ही तुलना भरवशाची असते, कारण रंगाई आणि वय दोन्ही तेच असते.

रंगाईची सोय नसेल तर नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालीही बरेच कळते, फक्त टकल्या मधोमध पाहू नका, कडेला आणि सौम्य माश्यांत पाहा. ब्रिसलचा दाट झुपका म्हणजे पहिल्या टप्प्यावर नॉच कमी पडला, पण दुसऱ्या टप्प्याला पुरला. एका मुळाशी दोन केस आणि खोबणी नाही, असे दिसले तर केस आणि खोबणीच्या निवडीत नॉच कमी पडला. एकाच जागी दोन खोबण्या आणि केस नाही असे दिसले, तर नॉच कमी नाही, उलट जास्त झाला आहे, आणि तुमच्या माश्यांत नेमका कोणता आरएनएआय आहे हे पुन्हा तपासायची गरज आहे.

वाढलेले ब्रिसल प्रत्यक्ष पाहायचे असतील, तर नॉच फक्त पहिल्या टप्प्यापुरता कमी करावा लागेल. गॅल४ला रोखणाऱ्या गॅल८०चा तापमानसंवेदी प्रकार वापरून १८ अंशांना आरएनएआय बंद आणि २९ अंशांना चालू करता येतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. आरएनएआय चालू केल्यावर आधी बनलेला नॉच संपायला काही तास जातात आणि बंद केल्यावर नॉच परत यायलाही वेळ लागतो, त्यामुळे आठ-दहा तासांच्या खिडकीत तो नेमका बसत नाही. दुसरे म्हणजे १८ अंशांना विकास जवळजवळ निम्म्या गतीने होतो, म्हणून वरचे तास तिथे तसेच्या तसे लावता येत नाहीत. तापमानसंवेदी नॉच माशी मिळाली तर ती वापरा. तिच्यात प्रथिनच ३० अंशांच्या आसपास निकामी होते, त्यामुळे चालू-बंद करण्याची वेळ अधिक काटेकोर राहते. नॉच एक्स गुणसूत्रावर आहे, तेव्हा त्या उत्परिवर्तनासाठी नर किंवा समयुग्मजी माद्याच घ्या. विषमयुग्मजी मादीत दुसरी प्रत चालू असते. कोष बनू लागलेल्या पांढऱ्या अवस्थेतल्या माश्या वेचा, आठव्या तासाच्या आसपास ३० अंशांना न्या, आणि पंधराव्या तासाच्या आत थंड तापमानाला परत आणा. त्या माश्या बाहेर पडतील तेव्हा पाठीवर झुपके दिसायला हवेत. त्याच बॅचमधल्या काही माश्या सोळाव्या तासानंतर गरम केल्या, तर टक्कलही त्याच प्रयोगात मिळेल.